वर-खाली म्हणजे सिंगलेट नव्हे

स्पिन ½ असलेल्या दोन कणांबद्दल फिरत असलेला दावा असा आहे:

> «दोन स्पिन एकाच दिशेला असले की ट्रिप्लेट, उलट असले की सिंगलेट; गणित म्हणाल तर ½+½=1 आणि ½−½=0, बस्स. त्या (↑↓+↓↑) आणि (↑↓−↓↑) मधल्या चिन्हाला घाबरू नका, ती लिहिण्याची पद्धत आहे. मोजलं तर दोन्हीत एक वर आणि एक खाली असंच मिळतं. उणे चिन्ह पाउलीच्या तत्त्वामुळे येतं. आणि दोघांच्या ऊर्जेत फरक असतो तो दोन छोटी चुंबकं एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात म्हणून.»

पाच वाक्यं आहेत. पहिली दोन एकाच गैरसमजाची दोन रूपं आहेत. तिसरं प्रयोगाने खोटं ठरतं, चौथ्यात कारण भलतीकडे शोधलं आहे, आणि पाचवं एका अणूत बऱ्यापैकी खरं तर दुसऱ्यात साफ चूक आहे. या क्रमानेच जाऊ, पण सगळ्यांना सारखी जागा देण्यात अर्थ नाही. खरी गोम पहिल्या तिनांत आहे.

½ ही बाणाची लांबी नाही

स्पिन ½ असलेल्या एका कणासाठी S² ची किंमत s(s+1)ħ², म्हणजे 3/4 ħ² असते. त्यामुळे कोनीय संवेगाची लांबी (√3/2)ħ, अंदाजे 0.87ħ येते. ½ हा आकडा दोनच ठिकाणी भेटतो: s या क्वांटम अंकाची किंमत म्हणून, आणि कुठल्याही एका अक्षावर मोजलेल्या घटकाची किंमत म्हणून (+½ħ किंवा −½ħ). लांबी म्हणून तो कुठेच येत नाही. तेव्हा «½+½» हे दोन बाणांच्या लांबीच्या बेरजेसारखं वाचायचं नसतं.

तरीही बाणांचं चित्र थोडा वेळ खरं धरून बघू, कारण ते कुठे मोडतं हे त्यातूनच दिसतं. 0.87ħ लांबीचे दोन बाण खरोखर समांतर ठेवले तर बेरीज 1.73ħ यायला हवी. ट्रिप्लेटमध्ये S² ची किंमत 1(1+1)ħ² = 2ħ² असते, म्हणजे लांबी 1.41ħ. जुळत नाही. मग दोन बाणांत कोन किती? एकूण स्पिनचा वर्ग उलगडला की

S² = S₁² + S₂² + 2 S₁·S₂

मिळतो. ट्रिप्लेटसाठी 2 = 3/4 + 3/4 + 2x, म्हणून S₁·S₂ ची किंमत x = +1/4 (ħ² च्या एककात). सिंगलेटसाठी 0 = 3/4 + 3/4 + 2x, म्हणून x = −3/4. या किमतींना दोन लांब्यांच्या गुणाकाराने, म्हणजे 3/4 ने भागलं की कोनाचा कोसाइन येतो: सिंगलेटसाठी −1, ट्रिप्लेटसाठी 1/3. म्हणजे सिंगलेटमध्ये १८० अंश, हे दाव्याशी जुळतं. ट्रिप्लेटमध्ये मात्र सुमारे ७०.५ अंश. समांतर अजिबात नाही.

हे अंश कोनमापकाने मोजायचे कोन नव्हेत, सरासरीतून काढलेलं एक गुणोत्तर आहे. पण दोन गोष्टी त्यातून पक्क्या कळतात. एक, ↑↑ या अवस्थेतसुद्धा दोन स्पिन पूर्णपणे एका दिशेला नसतात. त्यांचे z-घटक तेवढे सारखे असतात, x आणि y घटक अनिश्चितच राहतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ट्रिप्लेटच्या तिन्ही अवस्थांत S₁·S₂ ची किंमत तीच, +1/4, असते. त्या तिघींतली एक (↑↓+↓↑)/√2 आहे. तिच्यात z-अक्षावर दोन स्पिन कायम उलट सापडतात, आणि तरी ती ↑↑ इतकीच ट्रिप्लेट आहे. पहिलं वाक्य इथेच कोसळतं.

मग ½−½=0 हे उत्तर बरोबर कसं येतं? एकूण स्पिन |s₁−s₂| पासून s₁+s₂ पर्यंत जातो, हा नियम खराच आहे, पण त्यातलं उणे चिन्ह उलट्या बाणांचं नव्हे. तो नियम मोजदादीतून येतो. दोन कणांच्या चार अवस्था आहेत: ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓. त्यांच्या एकूण z-घटकाचा अंक m अनुक्रमे 1, 0, 0, −1 आहे. m = 1 असलेली एक अवस्था आहे, तेव्हा एकूण स्पिन 1 असलेलं एक कुटुंब असणारच, आणि त्याला m = 1, 0, −1 अशा तीन जागा लागतात. चारातून त्या तीन वजा केल्या की m = 0 ची एक जागा उरते. एकटीच उरलेली m = 0 म्हणजे एकूण स्पिन 0. दोन गुणिले दोन बरोबर तीन अधिक एक, एवढंच त्याचं मूळ आहे.

अडचण अशी, की या मोजदादीने m = 0 च्या दोन जागा आहेत एवढंच कळतं. ↑↓ ही ट्रिप्लेटची आणि ↓↑ ही सिंगलेटची, अशी वाटणी करता येत नाही, कारण दोघींत डावं-उजवं करण्याखेरीज फरकच नाही. उत्तर काढावं लागतं.

↑↓ वर S² चालवून पाहू

हा हिशेब एकदा हाताने केला की दाव्यातलं दुसरं वाक्य पुन्हा कधी खरं वाटत नाही. S₁·S₂ लॅडर ऑपरेटरांत लिहिला की

2 S₁·S₂ = 2 S₁z S₂z + S₁₊S₂₋ + S₁₋S₂₊

आता ↑↓ घ्या. पहिला कण वर, दुसरा खाली.

S₁² आणि S₂² मिळून 3/2 ħ² देतात, अवस्था जशीच्या तशी ठेवून. 2 S₁z S₂z देतो 2·(½)(−½)ħ² = −½ħ², तेही अवस्था न बदलता. S₁₊S₂₋ शून्य देतो, कारण पहिला आधीच वर आहे, त्याला आणखी वर नेता येत नाही. उरला S₁₋S₂₊: तो पहिल्याला खाली आणि दुसऱ्याला वर नेतो, म्हणजे ħ² गुणिले ↓↑. सगळं जोडलं की

S² ↑↓ = ħ² (↑↓ + ↓↑)

↓↑ वर चालवलं तरी उजवी बाजू हीच येते. म्हणजे ↑↓ वर S² चालवल्यावर ↑↓ चा साधा पट परत मिळत नाही, तिची जोडीदारही सोबत येते. ↑↓ ला एकूण स्पिनची ठराविक किंमतच नाही. ती सिंगलेट नाही, ट्रिप्लेटही नाही.

वरच्या ओळीवरून पुढचं उघड आहे. (↑↓+↓↑) वर S² चालवला की दोन सारख्या गोष्टींची बेरीज होते आणि 2ħ² (↑↓+↓↑) येतं: एकूण स्पिन 1. (↑↓−↓↑) वर चालवला की दोन सारख्या गोष्टींची वजाबाकी, म्हणजे शून्य: एकूण स्पिन 0. हे चिन्ह पद्धतीखातर घातलेलं नाही. एकूण स्पिन 1 की 0 हे तेच ठरवतं.

ट्रिप्लेटची मधली अवस्था वरून खाली उतरूनही मिळते, आणि तिथे एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. ↑↑ वर S₋ चालवायचा असतो, आणि S₋ म्हणजे S₁₋ + S₂₋, बेरीज. बरेच जण घाईत S₁₋S₂₋ असा गुणाकार चालवतात, थेट ↓↓ वर उतरतात, आणि मधली पायरी गेली कुठे म्हणून गोंधळतात. बेरीज चालवली की ħ(↓↑+↑↓) येतं. सामान्य नियमानुसार S₋ ने |1,1⟩ वर √2 ħ |1,0⟩ द्यायला हवं. दोन्ही बाजू सारख्या धरल्या की |1,0⟩ = (↑↓+↓↑)/√2 हाती येतं, प्रसामान्यीकरण वेगळं न करता. सिंगलेट मग तिला लंब असलेली m = 0 ची अवस्था म्हणून मिळते.

उत्तर तपासायचं असेल तर S² च्या कर्णावरच्या किमतींची बेरीज घ्या. मूळ चार अवस्थांत ती 2+1+1+2 = 6 येते; नव्या चारांत 2+2+2+0 = 6. अवस्था बदलून ही बेरीज बदलत नाही, म्हणून हे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी चुकलंय हे नक्की. आणि मधले दोन 1 पाहा. ↑↓ मध्ये S² ची सरासरी 1·ħ² आहे, म्हणजे 2 आणि 0 यांच्या बरोबर मध्यावर. ↑↓ ही निम्मी सिंगलेट आणि निम्मी ट्रिप्लेट आहे. हा «एक» पुढे परत लागणार आहे.

चिन्ह मोजता येतं

«मोजलं तर दोन्हीत एक वर आणि एक खाली» हे खरं आहे, पण फक्त z-अक्षावर मोजलं तर. अक्ष आपण निवडतो. दोन्ही कणांवर x-अक्षावर मोजमाप करू. x-दिशेच्या अवस्थांना → आणि ← म्हटलं, तर ↑ = (→ + ←)/√2 आणि ↓ = (→ − ←)/√2. भरून गुणाकार करा:

↑↓ = ½(→→ − →← + ←→ − ←←)
↓↑ = ½(→→ + →← − ←→ − ←←)

बेरीज केली की मधली दोन पदं उडतात आणि →→ − ←← उरतं. वजाबाकी केली की कडेची दोन उडतात आणि ←→ − →← उरतं. म्हणजे x-अक्षावर मोजल्यावर सिंगलेटमध्ये दोन स्पिन दर वेळी उलट निघतात, आणि ट्रिप्लेटच्या मधल्या अवस्थेत दर वेळी सारखे. नुसत्या ↑↓ मध्ये निम्म्या वेळा सारखे, निम्म्या वेळा उलट. z-अक्षावर तिघींत दोन स्पिन उलटच निघतात, x-अक्षावर मात्र तिघी वेगळ्या दिसतात. यापेक्षा ढळढळीत भौतिक फरक काय हवा?

सिंगलेटचं वैशिष्ट्यही यातच आहे. तिला z मध्ये लिहा, x मध्ये लिहा किंवा कुठल्याही तिरक्या दिशेत लिहा, रूप तेच राहतं, फार तर संपूर्ण अवस्थेला एखादा गुणक लागतो. एकूण स्पिन 0 असण्याचा अर्थच तो: फिरवली तरी काही बदलत नाही. ट्रिप्लेटची मधली अवस्था तशी नाही. ती x मध्ये →→ आणि ←← यांची जुळणी झाली, म्हणजे «उलट» असलेले स्पिन अक्ष बदलताच «सारखे» झाले. उलट-सारखे हे शब्द अक्ष सांगितल्याशिवाय ट्रिप्लेटबद्दल वापरताच येत नाहीत.

दाव्याला इथे एक सवलत द्यायला हवी. संपूर्ण सिंगलेटचं चिन्ह, म्हणजे (↑↓−↓↑) लिहायचं की (↓↑−↑↓), ही खरोखर पद्धतच आहे. दोन्ही एकच अवस्था. पुस्तकांत दोन्ही सापडतात, आणि बहुधा तिथूनच «चिन्ह म्हणजे सोय» ही समजूत पसरली असावी. दोन पदांमधलं सापेक्ष चिन्ह मात्र त्या मोकळिकीत येत नाही. ↓ ची व्याख्या बदलून तिला कुठलाही कला-गुणक लावलात, तरी दोन्ही कणांना तोच लावला तर ↑↓ आणि ↓↑ दोघींना तो सारखाच लागतो आणि मधलं चिन्ह जिथल्या तिथे राहतं. एकाच कणाला लावलात तर चिन्ह बदलेल, पण त्या कणाचे S₊ आणि S₋ सुद्धा बदलतील, आणि शेवटी S² ची उत्तरं तीच येतील.

प्रयोगशाळेत हे चिन्ह वेळेनुसार बदलताना पाहिलं गेलं आहे. २००५ साली गॅलियम आर्सेनाइडमधल्या जोड-क्वांटम डॉटवर झालेल्या प्रयोगात दोन इलेक्ट्रॉन सिंगलेटमध्ये तयार करून दोन डॉटमध्ये वेगळे केले गेले. दोन्ही ठिकाणी अणुकेंद्रकांमुळे येणारं चुंबकीय क्षेत्र थोडं वेगवेगळं असतं. त्यामुळे ↑↓ आणि ↓↑ यांच्या कला वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात आणि मधलं उणे हळूहळू अधिक होत जातं. मग दोघांना पुन्हा एका डॉटमध्ये आणायचा प्रयत्न केला, की सिंगलेट असेल तर दोघं मावतात, ट्रिप्लेट असेल तर दुसरा बाहेर अडतो, आणि विद्युतभार मोजून ते कळतं. सुमारे १० नॅनोसेकंदांत सिंगलेटपण विरतं असं त्यात दिसलं. त्या सगळ्या वेळात z-अक्षावर पाहणाऱ्याला «एक वर, एक खाली» एवढंच दिसलं असतं.

पाउलीचं नाव इथे येत नाही

वरच्या संपूर्ण हिशेबात कण एकसारखे आहेत असं कुठेही धरलेलं नाही. हायड्रोजन अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघांचा स्पिन ½ आहे, दोघं वेगळे कण आहेत, पाउलीच्या तत्त्वाला त्या जोडीबद्दल काही म्हणायचं नाही, आणि तरी त्यांची सिंगलेट (↑↓−↓↑)/√2 हीच आहे. उणे चिन्ह कोनीय संवेगाच्या बीजगणितातून येतं.

पाउलीचं तत्त्व नंतर येतं, जेव्हा दोन्ही कण इलेक्ट्रॉन असतात. तेव्हा संपूर्ण तरंगफलन कणांची अदलाबदल केल्यावर चिन्ह बदलणारं हवं. सिंगलेटचा स्पिन-भाग आधीच चिन्ह बदलतो, म्हणून तिच्याबरोबरचा अवकाशी भाग सममित लागतो. ट्रिप्लेटचं बरोबर उलट. पाउली जोड्या लावतो, अवस्था घडवत नाही.

हा फरक विसरण्याची किंमत संगणकीय रसायनशास्त्रात रोज दिसते. एका चौकोनात वर बाण, दुसऱ्यात खाली बाण, असं काढून «ही सिंगलेट» म्हणायची सवय शाळेपासून लागलेली असते. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच ऑर्बिटलमध्ये असतील तर ते खपून जातं, कारण अवकाशी भाग सममितच असतो आणि स्पिन-भागाला उणे चिन्ह घ्यावंच लागतं. ऑर्बिटल वेगळे असले की मात्र चित्र फसतं. एक डिटर्मिनंट, एका ऑर्बिटलमध्ये ↑ आणि दुसऱ्यात ↓, ही निम्मी सिंगलेट आणि निम्मी ट्रिप्लेट असते. दोन मोकळे इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूची गणना अशा रीतीने चालवली की प्रोग्रॅम `<S**2>` समोर ० किंवा २ न छापता १ च्या आसपासचा आकडा छापतो. तो आपला मघाचाच «एक». तिथून मिळालेली ऊर्जा सिंगलेटची म्हणून थेट वापरायची नसते. ज्यांना हा आकडा काय सांगतोय हे माहीत असतं ते दुरुस्ती करतात. बाकीचे ती ऊर्जा तक्त्यात भरतात.

ऊर्जेतला फरक: दोन अणू, दोन कारणं

हेलियमचा उत्तेजित अणू घ्या, एक इलेक्ट्रॉन 1s मध्ये आणि एक 2s मध्ये. तळाच्या पातळीपासून ट्रिप्लेट १९.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे आणि सिंगलेट २०.६२ वर. फरक ०.८० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आता दोन इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय आघूर्णांची परस्परक्रिया किती असेल? एक अँगस्ट्रॉम अंतरावर ती 10⁻⁴ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही खाली भरते. दहा हजार पटींनी कमी. चुंबकांनी हा फरक पडणं शक्य नाही.

खरं कारण १९२६ साली हायझेनबर्गने दाखवलं. ट्रिप्लेटचा अवकाशी भाग प्रतिसममित असतो, म्हणून दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता शून्य होते. सिंगलेटमध्ये तशी मनाई नसते. त्यामुळे दोन्ही अवस्थांत इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण वेगळं भरतं. स्पिन एकमेकांवर थेट बळ लावत नाहीत. कुठला अवकाशी भाग घ्यायचा ते पाउलीमार्फत ठरवतात, आणि ऊर्जा कूलंबच्या नियमातून येते. बाह्य क्षेत्र नसताना या ट्रिप्लेटच्या तिन्ही अवस्था एकाच ऊर्जेवर असतात, हाही दाव्याविरुद्धचा पुरावाच आहे. z-अक्षावर «उलट» दिसणारी मधली अवस्था ↑↑ च्या शेजारी बसते, सिंगलेटच्या शेजारी नाही.

हायड्रोजनमध्ये मात्र चुंबकांची गोष्ट खरी आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातली ऊर्जा A S₁·S₂/ħ² अशी लिहिता येते, आणि तिचं मूळ चुंबकीयच आहे. S₁·S₂ च्या किमती आपण वर काढल्या आहेत. ट्रिप्लेट +A/4 वर, सिंगलेट −3A/4 वर, फरक A. तिघींना +¼ आणि एकीला −¾, बेरीज शून्य, हाही एक चटकन करायचा पडताळा. A म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ, अवघे ५.९ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आकाशगंगेतून येणारी २१ सेंटिमीटरची रेडिओ-रेषा ती हीच, १९५१ साली प्रथम टिपलेली. आणि इथे सिंगलेट खाली आहे, हेलियमच्या उत्तेजित अणूत ट्रिप्लेट. कोण खाली बसेल हे स्पिनच्या बेरजेवरून कळत नाही, बळ कुठलं आहे त्यावर ठरतं.

दाव्याचं चित्र कुठे चालतं

एक परिस्थिती अशी आहे जिथे ↑↓ आणि ↓↑ याच खऱ्या स्थिर अवस्था ठरतात. हायड्रोजन अणू z-दिशेच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवा. इलेक्ट्रॉनचं आघूर्ण प्रोटॉनच्या सुमारे ६६० पट आहे, म्हणून क्षेत्राचा परिणाम फक्त इलेक्ट्रॉनवर धरू. इलेक्ट्रॉन वर असेल तर +b, खाली असेल तर −b, जिथे 2b ही त्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवायला लागणारी ऊर्जा. m = 0 च्या दोन अवस्थांसाठी कर्णावर −A/4 + b आणि −A/4 − b येतात, आणि दोघींना जोडणारं पद A/2 असतं. उत्तर:

E = −A/4 ± √(b² + A²/4)

b = 0 ठेवलं की +A/4 आणि −3A/4, म्हणजे आपल्या ओळखीच्या ट्रिप्लेट आणि सिंगलेट. b हे A/2 पेक्षा खूप मोठं केलं की ऊर्जा −A/4 ± b च्या जवळ जातात आणि अवस्था जवळपास निव्वळ ↑↓ आणि ↓↑ होतात. दोन्हींमधली सीमा b = A/2 ला आहे. इलेक्ट्रॉनचा स्पिन एका टेस्लाला सुमारे २८ गिगाहर्ट्झ घेतो, तेव्हा १४२० मेगाहर्ट्झसाठी क्षेत्र येतं ०.०५ टेस्ला, म्हणजे ५०० गॉसच्या थोडं वर. त्या क्षेत्रात खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉन खाली-प्रोटॉन वर असण्याची शक्यता ८५ टक्के आणि उलट असण्याची १५ टक्के भरते. निव्वळ सिंगलेटमध्ये ती ५०-५० असते.

तेव्हा «एक वर, एक खाली» हे चित्र हजारो गॉसच्या क्षेत्रातल्या हायड्रोजनला बऱ्यापैकी लागू पडतं. पण तिथे एकूण स्पिन ही जपली जाणारी राशीच राहत नाही, म्हणून त्या अवस्थांना सिंगलेट किंवा ट्रिप्लेट म्हणता येत नाही. कारण नुसतं क्षेत्र हे नव्हे, तर दोन कणांना ते वेगवेगळं जाणवणं हे आहे. दोन्ही कणांना क्षेत्र अगदी सारखं जाणवत असेल, तर त्याचा परिणाम एकूण S_z च्या पटीत येतो. m = 0 च्या दोन्ही अवस्थांसाठी तो शून्य असतो, आणि क्षेत्र कितीही वाढवलं तरी सिंगलेट सिंगलेटच राहते.